आईचा फोन ठेवला तरी छाती धडधडतच राहते

ताई, मला अगं-तुगंच करा, बरं वाटेल. वय ३६, उद्यमनगरात एका कारखान्याच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, राहायला राजारामपुरीत. आई शुक्रवार पेठेत एकटी राहते. २०१९ ला तिच्या घरात छातीएवढं पाणी आलं होतं. तेव्हापासनं जून लागला की तिचे फोन सुरू, दिवसाला आठ-दहा. "पाणी चढायलंय बघ, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडणार म्हणालेत." मी दर वेळी समजूत काढते. ती शांत होते, पण माझे हात गार पडतात, छाती धडधडते, एंट्र्या चुकतात, संध्याकाळी पोरावर ओरडते आणि रात्री दोनला उठून मोबाईलवर पंचगंगेची पातळी बघत बसते. फोन नाही उचलला की अपराधी वाटतं. तिची भीती माझ्यात उतरू नये म्हणून काय करू? आत एखादी भिंत बांधू का? दगड होऊ का?
— एक लेक, कोल्हापूर

दगड नको होऊस गं. आणि तुला तसं होताही येणार नाही, कारण हे जे होतंय ते तुझ्या मनाच्या कमकुवतपणामुळं होत नाही, ते तुझ्या कानातनं आणि अंगातनं होतंय, मनाला पत्ता लागायच्या आधी. ते कसं होतं हे आधी नीट सांगते, कारण ते कळलं की मध्ये हात कुठं घालायचा ते आपोआप दिसतं.

जर्मनीत न्यूमन आणि श्ट्राक नावाच्या दोन संशोधकांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना तत्त्वज्ञानाचा एक रुक्ष उतारा ऐकवला, ज्यात रडण्यासारखं किंवा हसण्यासारखं काहीच नव्हतं. फक्त वाचणाऱ्याचा आवाज काहींसाठी किंचित उदास ठेवला होता आणि काहींसाठी किंचित आनंदी. ऐकून झाल्यावर लोकांचा मूड त्या त्या आवाजाच्या दिशेनं सरकला होता, आणि आपला मूड कशामुळं बदलला हे काही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आता विचार कर, तिथं वाचणारा अनोळखी होता आणि मजकूर कोरडा होता. तुझ्याकडं आवाज आईचा आहे, जो तू जन्मायच्या आधीपासनं ऐकतीयस, आणि मजकूर पाण्याचा आहे.

फोनवर आईचा आवाज वर चढतो, ती भरभर बोलते, दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घेत नाही. तूही नकळत तसाच श्वास घ्यायला लागतेस, वर वरचा, छातीतला. खांदे वर जातात, जबडा आवळतो, तुझंही बोलणं भरभर होतं. समोरच्याच्या चेहऱ्याची, आवाजाची, बसण्या-उठण्याची अशी नक्कल सगळीच माणसं करतात, जांभई बघून जांभई येते तसं. पण अंग घाबरल्यासारखं वागायला लागलं की मेंदू ते वाचतो आणि भीतीची भावना तयार होते. भावनेचा संसर्ग म्हणतात तो हा.

आणि इथपर्यंत जे झालं ते अजून आईचंच आहे, बरं का. ते तुझं होतं त्याच्या पुढच्या पायरीवर. फोन ठेवलास, हात गार पडलेत, छाती उडतीय, आणि मेंदूला कारण पाहिजे. कारण समोरच पडलेलं असतं, पाणी! मग डोकं म्हणतं, मला एवढं धडधडतंय म्हणजे खरंच काहीतरी होणार असणार. तिथनं मोबाईल उघडणं, ग्रुप वाचणं, जुने व्हिडिओ बघणं, रात्री दोनची पातळी, हे सगळं सुरू होतं. म्हणजे आईकडनं आली फक्त धडधड, तिच्याभोवती गोष्ट तू बांधलीस. आईचं उलटं होतं, तिची धडधड तुझ्याकडं आली आणि तुझ्या समजावण्यानं ती हलकी झाली. म्हणून ती झोपते आणि तू जागी.

शेजारणीच्या भीतीनं असं होत नाही, आईच्याच का, असं तुला वाटत असेल. जर्मनीतच २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात एका माणसाला परीक्षकांसमोर भाषण आणि तोंडी गणितं करायला लावून ताण दिला आणि दुसऱ्याला नुसतं बघत बसवलं. बघणाऱ्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात वाढणारं हार्मोन, मोजलं. समोर आपला जोडीदार असेल तर बघणाऱ्या १०० पैकी साधारण ४० जणांचं ते चांगलंच वाढलं, अनोळखी माणूस असेल तर १०० पैकी १० जणांचं. माया जितकी जास्त तितकी वाट मोकळी, असं मी त्यातनं घेते. त्यातच तुझं उत्तर पण आहे बघ, जवळच्या माणसाला बघूनही ६० जणांचं वाढलं नाही, आणि ते काही दगड नव्हते.

मी हे काम सुरू केलं तेव्हा पहिली दोन वर्षं माझी अवस्था तुझ्यासारखीच होती. दिवसभर लोकांची दुःखं ऐकायची आणि घरी येऊन कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचं. माझ्या वरिष्ठ बाईंनी मला एकच विचारलं, "पेशंट खोलीत यायच्या आधी तुझा श्वास कसा होता, आठवतंय का?" मला सांगता येईना, कारण मी कधी बघितलंच नव्हतं. आधीचं माहीत नसेल तर नंतरचं कुणाचं हे कसं ठरवणार? तुझंही काम मी तिथनंच सुरू करायला सांगते.

पुढचे तीन-चार दिवस बाकी काहीच बदलू नकोस. टेबलावर एक चिटोरं ठेव. आईचं नाव स्क्रीनवर दिसलं की उचलायच्या आधी धडधड शून्य ते दहामध्ये किती आहे तो आकडा लिही. फोन ठेवलास की परत लिही. आणि २० मिनिटांनी, तू तुझं काम करत असतानाच, तिसरा आकडा. या २० मिनिटांत पातळी बघायची नाही, ग्रुप उघडायचा नाही, नवऱ्याला फोन करून "आई असं म्हणत होती" हे सांगायचं नाही. दोनवरनं सातवर गेली आणि २० मिनिटांत परत तीनवर आली, तर ती पाहुणी होती, आईकडनं आलेली. तू तिला खायला-प्यायला घातलं नाहीस म्हणून ती निघून गेली. आकडा सातवरच राहिला, किंवा फोन यायच्या आधीच सहा होता, तर त्यात तुझं स्वतःचं काहीतरी आहे, त्याचं मी शेवटाकडं बोलते. बऱ्याच जणींना पहिल्याच दिवशी एक गोष्ट दिसते, की आकडा फोन उचलल्यावर चढत नाही, रिंग वाजली की चढतो. तसं असेल तर पहिलं काम सोपं आहे, आईची रिंगटोन बदल. शरीराला त्या जुन्या सुरांची सवय लागलेली असते, आणि नवा सूर लावला की निदान थोडे दिवस तरी श्वास घ्यायला जागा मिळते.

आता फोन चालू असतानाचं. बाहेर पडणारा श्वास आत घेतलेल्या श्वासापेक्षा लांब ठेवायचा, चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, नाकातनं, आवाज न करता. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी कमी होते, ते शरीराचंच काम आहे, त्यात श्रद्धेचा भाग नाही. असे पाच श्वास म्हणजे ५० सेकंद, आणि आई तेवढा वेळ बोलतच असते, तुला मध्ये बोलायची गरज नसते. पण हे आधी घरी शांत वेळी रोज पाच मिनिटं करून अंगवळणी पाड, कारण भर गोंधळात पहिल्यांदा करायला गेलीस की मोजणंच चुकतं आणि त्याचंच टेन्शन येतं. दुसरं म्हणजे दोन्ही पाय जमिनीवर टेकवून बस, आणि तू आईपेक्षा मुद्दाम हळू बोल, थोड्या खालच्या पट्टीत. मघाशी सांगितलेली नक्कल दोन्हीकडनं चालते ना. तू तिच्या वेगात गेलीस की दोघी वर चढता. तू तुझ्या वेगात राहिलीस तर पाच-सहा मिनिटांत तिचाही वेग उतरायला लागतो. दर वेळी उतरेल असं मात्र नाही, काही दिवस ती म्हणेल, "तुला काय पडलेलंच नाही." ते ऐकायची तयारी ठेव.

आता जरा नाजूक बोलते. आपल्याकडं लहानपणापासनं शिकवलेलं असतं, समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवून बघ. तू नेमकं तेच करतेस. आई म्हणाली पाणी चढायलंय की तू डोळ्यांसमोर त्या घरात उभी राहतेस, छातीएवढ्या पाण्यात. अमेरिकेत बॅट्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९९७ साली हे तपासून बघितलं. एका संकटात सापडलेल्या मुलीची मुलाखत लोकांना ऐकवली. काहींना सांगितलं, तिला काय वाटत असेल याची कल्पना करा. काहींना सांगितलं, तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला काय वाटलं असतं याची कल्पना करा. दोन्ही गटांना तिच्याबद्दल कळवळा वाटला, पण स्वतःला तिच्या जागी ठेवणाऱ्यांना त्याबरोबर स्वतःचीच घालमेल पण जास्त झाली. आणि घालमेल झालेला माणूस समोरच्याला मदत कमी करतो आणि स्वतःची सुटका जास्त शोधतो. फोन टाळावासा वाटणं, उचलल्यावर "काही होत नाही गं" म्हणून लवकर संपवणं, हे त्यातलंच आहे. त्यात तुझं प्रेम कमी पडलं असं अजिबात नाही.

म्हणून फोनवर असताना डोळ्यांसमोर पाणी आणू नकोस, आईला आण. आत्ता, या मिनिटाला ती कशी बसली असेल, दाराशी का कॉटवर, हातात मोबाईल कसा धरला असेल, चष्मा लावलाय का, चहा झालाय का. ती तिथं आणि मी इथं, उद्यमनगरात, खुर्चीवर, समोर जीएसटीचं रिटर्न. एवढा फरक मनात राहिला की तेवढंच अंतर पुरतं. कळवळा तसाच राहतो आणि तू त्या पाण्यात उतरत नाहीस. तू आतली भिंत म्हणतेस ना, मला ती भिंत वाटतच नाही, घराच्या उंबऱ्यासारखं काहीतरी वाटतं, माणूस आत-बाहेर करू शकतो पण ओलांडताना पाय उचलावा लागतो.

आणि आता सगळ्यात अवघड भाग, समजूत काढणं. तू दिवसाला आठ-दहा वेळा "काही होणार नाही" म्हणतेस. चिंतेचं असं आहे की दिलासा मिळाला की ती लगेच उतरते, आणि उतरली म्हणून मेंदू शिकतो की भीती वाटली की लेकीला फोन करायचा. मग पुढच्या वेळी भीती लवकर वाटते, फोन लवकर येतो आणि दिलाशाचा परिणाम कमी वेळ टिकतो. तू देत नाहीयेस असं नाही, तू इतकं देतीयस की तिला स्वतःची भीती स्वतःच्या हातानं खाली आणायची संधीच मिळत नाही. शिवाय "काही होणार नाही" हे खोटं आहे. २०१९ ला झालं, २०२१ ला परत झालं, दोन्ही वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. तुझी आई वेडी नाही, तिनं बघितलंय. तू नाही म्हणालीस की ती आपलं म्हणणं खरं करायला आणखी पुरावे आणते, शेजारचा काय म्हणाला, ग्रुपवर काय आलं, आणि तुझी धडधड आणखी वाढते.

मग एक फोन कसा बदलायचा ते सांगते. जुलैची दुपार धर, साडेतीन वाजलेत, सकाळपासनं पाऊस आहे, तुझा आकडा तीन.

आई म्हणते, "ऐकलंस का, पाणी चढायलंय बघ, यंदा परत तसंच होतंय."

तू आधी एक लांब श्वास सोडतेस. मग म्हणतेस, "भीती वाटायलीय न्हवं आई?" एवढंच. नाही म्हणायचं नाही, हो म्हणायचं नाही, पाण्याबद्दल काही बोलायचंच नाही. आईला बहुतेक दोन सेकंद सुचणार नाही, कारण तिनं वादाची तयारी केलेली असते.

"वाटणारच की. रात्रभर झोप न्हाई."

"रात्रभर जागीच होतीस. कुठं बसलीयस आत्ता?"

"दारात."

"सकाळची पातळी तू बघितलीस ना, किती होती?"

"चौतीस."

"आणि किती फुटाला काय करायचं ठरलंय आपलं?"

इथं गप्प राहायचं. उत्तर तिच्या तोंडनं यायला पाहिजे. तू सांगितलंस तर तो परत तुझा दिलासा झाला, ती बोलली तर तो तिचा झाला.

"एकोणचाळीसला पिशवी. एक्केचाळीसला तुझ्याकडं."

"बरोब्बर. मी साडेपाचला फोन करते, तेव्हा नवी पातळी तूच मला सांग."

आणि ठेवायचा. दीड-दोन मिनिटांचा फोन. आकडा पाच होईल, शून्य होणार नाही, आणि २० मिनिटांत परत तीन होईल. मला तुझा आकडा शून्य करायचाच नाहीये, आईची काळजी वाटणारच, ती सातवर जाऊन तिथंच अडकू नये इतकंच पाहिजे.

हे जमण्यासाठी आधी ते फूट ठरलेले पाहिजेत, आणि ते कोरड्या दिवशी ठरवायचे, भर पावसात नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ असतं. पण तुझ्या आईला जो आकडा पाहिजे तो या दोन्हींपेक्षा वेगळा आहे, तिच्या गल्लीच्या तोंडाला पाणी किती फुटाला लागतं आणि तिच्या उंबऱ्याला किती फुटाला लागतं. गल्लीतल्या जुन्या माणसांना हे बरोबर माहीत असतं, कुठल्या खांबाला किती फुटाला पाणी आलं ते ते बोट दाखवून सांगतात. आईला घेऊन जाऊन विचार, तूच विचारून येऊ नकोस. त्या आकड्याच्या दोन-तीन फूट आधी घर सोडायचं असं ठरवा, कारण रस्ता बंद झाल्यावर निघता येत नाही, आणि माझ्या वरच्या उदाहरणातला ४१ हा नुसता उदाहरणाचा आहे, तुमचा तुम्ही काढायचा. ३९ ला पिशवीत काय भरायचं, कागदपत्रं, दागिने, बीपीच्या गोळ्या, चार्जर, चष्मा, हे तिच्या अक्षरात कॅलेंडरच्या मागं लिहून भिंतीला लावा. यात प्रशासनानं बाहेर पडा म्हटलं तर आपला आकडा बाजूला ठेवून निघायचं, हे पण त्याच कागदावर लिही.

मी या कागदावर एवढा भर देते कारण तुझ्या आईच्या भीतीत दोन गोष्टी एकत्र कालवल्यात, एक खबर आणि एक घबराट. खबर तुला गरजेची आहे, ती घेतलीच पाहिजे. घबराटीची तुला गरज नाही. रोजच्या बोलण्यात ती वेगळी करता येत नाही म्हणून तू दोन्ही एकदम गिळतेस. कागद भिंतीला असेल तर खबर कागदात जाते, ३४ म्हणजे अजून काही करायचं नाही, ३९ म्हणजे पिशवी, आणि उरते ती फक्त घबराट, तिला लांब श्वास आणि "भीती वाटायलीय न्हवं" एवढं पुरतं.

फोनच्या वेळा पण ठरवा, आठ-दहावरनं एकदम दोनवर येऊ नका. पहिला आठवडा चार, सकाळी साडेआठ, दुपारी दोन, साडेपाच आणि रात्री नऊ, आणि फोन तू करायचा, तिनं वाट बघायची नाही. तू ठरलेल्या वेळेला करायचाच, मीटिंग असली तरी उठून एक मिनिट, कारण ठरलेला फोन चुकला की सगळं मुसळ केरात. मधल्या वेळेत तिचा आला तर उचल, पण लहान ठेव, "ऐकलं आई, साडेपाचला बोलू," इतकं. पातळी ३९ च्या वर गेली की हा नियम रद्द, तेव्हा ती कधीही करू शकते, हे तिला आधीच सांग, नाहीतर तिला वाटेल लेकीनं दार लावून घेतलं. सुरुवातीचे काही दिवस फोन वाढतील, आवाज पण चढेल, रडणं होईल, भावाला फोन जाईल की बहीण बोलत नाही. बहुतेक जणी इथंच सोडून देतात, कारण त्यांना वाटतं उलटं झालं. जुनी सवय जाताना एकदा जोरात हात-पाय झाडते, म्हणून तो आठवडा तू शक्यतो कोरडा निवड, जूनच्या आधीचा असेल तर उत्तम. भावाला आधीच विश्वासात घे, त्यानं पण तेच वाक्य बोललं पाहिजे, एकानं दिलासा दिला आणि एकानं नाही तर आई दिलासा देणाऱ्याकडं वळेल आणि ते तर साहजिकच आहे.

पोराचं तू एका ओळीत लिहिलंस, पण मी त्यावर थांबले. जी वाट आईकडनं तुझ्याकडं येते तीच तुझ्याकडनं त्याच्याकडं जाते. अमेरिकेतल्या एका अभ्यासात आयांना बाळापासनं लांब नेऊन ताण दिला आणि मग त्यांनी येऊन वर्षा-सव्वा वर्षाच्या बाळाला जवळ घेतलं, तर आईनं काही न सांगता त्या बाळांच्या हृदयाच्या गतीत आईचाच ताण दिसायला लागला. त्यामुळं घरी गेल्या गेल्या स्वयंपाकघरात शिरू नकोस. गाडी लावलीस की गाडीवरच बसून ते पाच श्वास घे, मग जिना चढ. आणि ओरडलीसच तर त्याला खरं सांग, "मी आजीच्या काळजीत होते, तुझं काही चुकलं नाही." पोरांना कारण नाही सांगितलं की ती कारण स्वतःत शोधतात.

आता राहिलं ते, ज्याला हा उंबरा पुरत नाही. तुझा आकडा फोन नसतानाही पाच-सहाच्या वर राहत असेल, फेब्रुवारीतल्या लख्ख उन्हातही, दोनला जाग येणं पावसाळ्यानंतरही चालूच असेल, किंवा अचानक श्वास कोंडतो, आता मरते की काय असं वाटतं असे झटके येत असतील, तर ती आईकडनं आलेली पाहुणी नाही, ती तुझी आहे, आणि तिच्यावर वेगळे उपचार आहेत. तू स्वतः २०१९ ला कुठं होतीस हे तू लिहिलं नाहीस. आईला काढायला पाण्यात गेली होतीस का? असशील तर तुझ्याही अंगात ते पाणी अजून असेल.

आणि आईकडं पण बघ. नुसती काळजी असेल तर वरचं सगळं लागू पडतं. पण पत्र्यावर पाऊस वाजला की ती थरथरते, पुराची स्वप्नं पडतात, नदीकडचा रस्ताच टाळते, पावसाळ्यात जेवण तुटतं, तर तो पुराच्या धक्क्याचा आजार असू शकतो आणि तो लेकीच्या फोननं बरा होत नाही, लेक कितीही शांत असली तरी. तो मानसोपचारतज्ज्ञ बरा करतात, बोलण्याच्या उपचारानं, लागलं तर गोळ्यांनी. सीपीआर या आपल्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. तिला एकदम दवाखाना नको वाटत असेल तर १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, आणि तू सुद्धा करू शकतेस. आईला "तुझं डोकं तपासायला" म्हणून नेऊ नकोस, "तुझी झोप लागत नाही त्याला औषध विचारू" म्हणून ने. झोपेची तक्रार खरी आहे आणि डॉक्टर तिथनं पुढचं बरोबर काढतात.

अपराधी वाटण्याचं तू विचारलंस. फोन नाही उचलला की वाटतं म्हणालीस. ठरलेल्या वेळेचा फोन तू पाळत असशील तर मधला एखादा न उचलल्याचं अपराधी वाटणं हे पण २० मिनिटांच्या पाहुणीतलंच आहे, त्यालाही आकडा दे आणि बघ कुठं जातो ते. ते जावं म्हणून परत फोन लावू नकोस. लावलास की ते जाईल खरं, पण उद्या जास्त जोरानं येईल, आईच्या भीतीचं होतं तसंच.

या रविवारी पाऊस नसला तर आईकडं जा, आणि पाण्याचं काही बोलायच्या आधी तिला विचार, "आई, २०१९ ला आपल्या पायरीला पाणी लागलं तेव्हा बंधाऱ्यावर किती फूट होतं?" तिला माहीत नसेल तर दोघी मिळून गल्लीच्या तोंडापर्यंत चालत जा आणि जो कुणी म्हातारा माणूस दारात बसलेला दिसेल त्याला विचारा. तो आकडा आणि तुझ्या चार दिवसांच्या चिटोऱ्यावरचे आकडे मला पाठव, मग फोनच्या वेळा आपण परत बघू.